मळी की मका? मल्टीफीड डिस्टिलरीतल्या निवडीची किंमत कशी काढायची

प्रश्न: "आमच्या सहकारी साखर कारखान्याची ६० केएलपीडीची डिस्टिलरी आहे, फक्त मळीवर चालते. तीच मक्यावरही चालेल अशी करायला १८ कोटींचं कोटेशन आलंय. सीए साहेबांनी काढलेला एनपीव्ही, म्हणजे पुढच्या कमाईच्या आजच्या किमतीतून खर्च वजा केलेला आकडा, उणे ७ कोटींच्या वर जातो. सल्लागार म्हणतो की त्यात लवचिकतेची किंमत धरलेलीच नाही, ती धरली तर प्रकल्प फायद्यात आहे. ही किंमत खरंच असते, की नको असलेला आकडा हवा तसा करून घ्यायचा हा मार्ग आहे?"

ही किंमत खरी असते. पण सल्लागार सांगतो तेवढी ती क्वचितच निघते, आणि कधीकधी शून्यही निघते. मी आधी डिस्टिलरीत उत्पादन सांभाळलं आणि गेली बरीच वर्षं अशाच प्रकल्पांचे हिशेब तपासतो. माझ्या अनुभवात इथे दोन्ही बाजू अर्धं बरोबर बोलतात. तुमच्या सीएंचं गणित चुकलेलं नाही, त्यांनी वेगळ्याच कारखान्याचं गणित केलंय. वर्षाच्या सुरुवातीला डोळे मिटून एक कच्चा माल ठरवायचा आणि काहीही झालं तरी वर्षभर तोच चालवायचा, अशा कारखान्याचं. सल्लागाराच्या डोळ्यांसमोर रोज सकाळी भाव बघून माल बदलणारा कारखाना असणार. तुमचा कारखाना या दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि नेमका कुठे आहे ते शोधणं हेच खरं काम आहे.

बरंच काही तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे: स्वतःची मळी किती दिवस पुरते, मका कुठून येणार, बगॅस म्हणजे उसाचं चिपाड किती शिल्लक राहतं. तुम्ही हे लिहिलेलं नाही, म्हणून मी आकडे धरून चालतो. तुमचे आकडे घातलेत की उत्तर बदलेल, पद्धत बदलणार नाही.

आधी एका लिटरचा हिशेब मांडू. एक टन मक्यातून साधारण ३८० लिटर इथेनॉल निघतं, म्हणजे लिटरला २.६३ किलो मका लागतो. मका २३ रुपये किलो असेल तर साडेसाठ रुपयांचा मका झाला. वाफ, वीज, एन्झाइम, यीस्ट वगैरे धरून १४ रुपये प्रक्रिया खर्च धरू. उरलेल्या चोथ्याचं, म्हणजे डीडीजीएसचं, पशुखाद्य म्हणून लिटरमागे १२ रुपये मिळतात असं धरू. २०२४-२५ च्या पुरवठा वर्षात मक्याच्या इथेनॉलचा दर ७१.८६ रुपये होता. म्हणजे हातात साधारण ९ रुपये उरतात. मका २७ रुपये झाला की हेच उणे १ होतं. मक्यात किलोला एक रुपया वाढला की लिटरमागे दोन रुपये साठ पैसे जातात, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता मळी. सी-हेवी, म्हणजे साखर काढून झाल्यावर शेवटी उरणाऱ्या, मळीच्या एका टनातून २३० लिटरच्या आसपास निघतात. मळी ९ हजार रुपये टन असेल तर लिटरला ३९ रुपयांची मळी, ९ रुपये प्रक्रिया खर्च आणि त्याच वर्षीचा दर ५७.९७ रुपये. हातात १० रुपये. मळी १२ हजारांवर गेली की उणे ३.

दिवसांची वाटणी अशी धरतो. वर्षात ३३० दिवस डिस्टिलरी चालू शकते. १२० दिवस तुमची स्वतःची मळी पुरते, तिथे काही बदलत नाही. पुढचे १५० दिवस बाहेरून विकत घेतलेल्या मळीवर चालवता येतात. उरलेले ६० दिवस आज मळीच मिळत नाही म्हणून डिस्टिलरी बंद असते. निवडीचा प्रश्न त्या १५० दिवसांपुरता आहे, म्हणजे दिवसाला ६० हजार लिटरने ९० लाख लिटरचा. ६० दिवसांचे ३६ लाख लिटर ही वेगळी गोष्ट आहे आणि ती वेगळीच ठेवा. बंद असलेले दिवस मक्यावर चालवणं हा साधा जादा उत्पादनाचा फायदा आहे, तो नेहमीच्या एनपीव्हीतच बसतो. अनेक अहवालांत हाच फायदा एकदा उत्पादनात आणि पुन्हा एकदा "लवचिकता" म्हणून धरलेला मी पाहिलाय. सल्लागाराचा कागद हातात आला की आधी हे तपासा.

सीएंनी काय केलं असेल ते आता दिसतं. मका स्वस्त की महाग याची शक्यता निम्मी-निम्मी, मळीचंही तसंच. मग मक्याची सरासरी ४ रुपये, मळीची साडेतीन. दीडशे दिवसांत मक्याने लिटरमागे ५० पैसेच जास्त मिळतात, म्हणजे वर्षाला ४५ लाख. साठ दिवसांचे १ कोटी ४४ लाख. बेरीज १ कोटी ८९ लाख. १० वर्षं आणि १२ टक्के दराने हे आजच्या किमतीत आणायला ५.६५ ने गुणायचं, ते होतात १०.७ कोटी. खर्च १८ कोटी. उणे ७.३. तुमचा आकडा जुळला ना? त्यांची चूक गुणाकारात नाही. ती दोन सरासऱ्यांची तुलना करण्यात आहे. मका महाग झाला तरी तुम्ही मकाच दळत बसाल असं त्यांनी न बोलता गृहीत धरलंय.

खरं म्हणजे तुम्ही बघून ठरवणार. मग चार प्रकारची वर्षं येऊ शकतात. दोन्ही स्वस्त: मळी घ्या, १० रुपये. मका स्वस्त आणि मळी महाग: मका घ्या, ९. मका महाग आणि मळी स्वस्त: मळी, १०. दोन्ही महाग: डिस्टिलरी बंद ठेवा, शून्य. चारही वर्षं सारख्याच शक्यतेची धरली तर सरासरी सव्वासात रुपये येते. सरासऱ्यांतली मोठी निवडली तर ४ मिळतात, आणि दरवर्षी मोठं निवडून मग सरासरी काढली तर ७.२५. सगळा विषय या फरकात आहे.

पण सल्लागाराला इथे थांबवा. तो ७.२५ मधून मळीची सरासरी साडेतीन वजा करून पावणेचार रुपये फायदा दाखवेल. ते चूक आहे. आजही मळी महाग झाली तर तुम्ही डिस्टिलरी बंद ठेवताच, तोट्यात चालवत नाही. म्हणजे आजची तुमची सरासरी १० आणि शून्य यांच्या मधली, ५ रुपये आहे. निवडीने मिळालेला खरा जादा फायदा सव्वादोन रुपये. बंद ठेवण्याची मुभा तुमच्याकडे आधीपासून आहे, तिचे पैसे पुन्हा मोजायचे नाहीत.

सव्वादोन रुपयांनी ९० लाख लिटरचे वर्षाला २ कोटी २ लाख होतात. साठ दिवसांतही मका महाग झाला तर बंद ठेवाल, म्हणून तिथे ४ ऐवजी साडेचार, ते १ कोटी ६२ लाख. एकूण ३ कोटी ६४ लाख, आजच्या किमतीत २०.६ कोटी. १८ कोटी वजा केले की अधिक २.६. सल्लागार म्हणतो ते हेच. आता यातून काय काय गळतं ते बघू.

पहिली गळती अदलाबदलीची. मळीवरून मक्यावर जाताना फर्मेंटर, पाइपलाइन आणि वॉश कॉलम धुवावे लागतात, दळण्याची आणि शिजवण्याची बाजू सुरू करून स्थिर करावी लागते, यीस्टचं नवं बियाणं वाढवावं लागतं. चार दिवस सहज जातात. बुडालेलं उत्पादन, केमिकल आणि पहिल्या बॅचचा कमी उतारा धरून मी एका बदलाचे २५ लाख धरतो. वर्षात बदल दोन, जाताना आणि येताना. त्यातला एक वार्षिक देखभालीच्या बंदमध्ये बसवता येतो, तेव्हा सगळं उघडून धुवायचंच असतं. म्हणून खर्च एकाच बदलाचा धरा. दहा वर्षांचे १.४ कोटी गेले, उरले अधिक १.२.

हा खर्च तुम्ही कधी बदलायचं तेही ठरवतो. दीडशे दिवस समोर असतील तर २५ लाख ९० लाख लिटरवर पसरतात, लिटरला २८ पैसे. तीसच दिवस उरले असतील तर लिटरला १ रुपया ३९ पैसे. म्हणून मका मळीपेक्षा एक रुपयाने परवडायला लागला तरी हंगामाच्या शेवटी बदलू नये. कामगारांना आणि संचालकांना हे पटवणं अवघड जातं, कारण समोर मका स्वस्त दिसत असतो. पण त्या वेळी न बदलणंच बरोबर असतं.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: मका आणि मळी एकत्र महाग होतात की एकाआड एक? वरचं गणित दोघांचा एकमेकांशी संबंध नाही असं धरून केलंय. दोन्ही नेहमी एकत्रच स्वस्त-महाग होत असतील तर वर्षं दोनच प्रकारची: १० रुपये किंवा शून्य. सरासरी ५, म्हणजे आज आहे तेवढीच. निवडीची किंमत शून्य, आणि प्रकल्प १० कोटींहून जास्त उणे. उलट एक महाग असताना दुसरं हमखास स्वस्त असेल तर सरासरी साडेनऊ येते, आणि प्रकल्प साडेबारा कोटी अधिक. यंत्रं तीच, भाव तेच, सरासरी त्याच. फक्त दोन भावांचं एकमेकांशी नातं बदललं आणि उत्तर जवळपास २३ कोटींनी फिरलं. सल्लागाराच्या अहवालात या नात्यावर एक परिच्छेदही नसेल तर त्याचा आकडा वाचण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे हे नातं कसं आहे? दोन्ही बाजूंना ओढणारी कारणं आहेत. ऑगस्ट २०२३ हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. अशा वर्षी खरिपाचा मका त्याच हंगामात मार खातो. ऊस मात्र उभ्या पिकात काही प्रमाणात तग धरतो, आणि पाण्याअभावी लागवड कमी झाल्याचा मोठा फटका पुढच्या गाळपात बसतो. म्हणजे दुष्काळ दोघांनाही महाग करतो, पण एकाच महिन्यात नाही. शिवाय तुमची मळी जिल्ह्यातल्या उसावर अवलंबून आहे, मका मात्र कर्नाटक, मध्य प्रदेश, आणि बिहारच्या रब्बीतूनही येऊ शकतो. हे अंतर तुमच्या बाजूचं आहे.

विरुद्ध बाजूला इथेनॉलची मागणीच आहे. ती वाढली की मळी आणि मका दोन्ही वर ओढले जातात. मका आधी मुख्यतः पोल्ट्री आणि स्टार्चवाल्यांचा होता, भारत निर्यातही करत असे. डिस्टिलऱ्या उतरल्यावर २०२४ मध्ये देशाची मका आयात निर्यातीच्या वर गेली. तुमच्यासारखे आणखी कारखाने मल्टीफीड झाले की मळी महाग होताच सगळे एकदम मक्याकडे वळतील आणि मकाही महाग करतील. म्हणून १० वर्षांचा हिशेब करताना मी पहिल्या तीन-चार वर्षांनंतर निवडीचा फायदा दरवर्षी थोडा कमी करत नेतो.

हे नातं मोजताना एक चूक हमखास होते. लोक मळीचा भाव आणि मक्याचा भाव शेजारी ठेवून त्यांचा सहसंबंध काढतात. महागाईने दोन्ही हळूहळू चढलेलेच असतात, त्यामुळे नातं असतं त्याहून घट्ट दिसतं. तुम्ही प्रत्येक महिन्याला लिटरमागे हातात काय उरलं असतं ते दोन्हींसाठी काढा, म्हणजे त्या वेळचा इथेनॉलचा दर, डीडीजीएसचा भाव, सगळं धरून. मग ते एका महिन्यातून दुसऱ्या महिन्यात किती हललं याची तुलना करा. पाच वर्षांचे भाव तुमच्या खरेदी विभागाकडे आणि जवळच्या बाजार समितीत मिळतील. एक्सेलमध्ये मक्याचा उरलेला पैसा B रकान्यात, मळीचा C मध्ये ठेवलात तर शेजारच्या रकान्यात एवढंच लिहायचं:

```
=MAX(0,B2,C2)
```

खाली ओढा आणि सरासरी काढा. त्यातून `=MAX(0,C2)` ची सरासरी वजा केली की मागच्या पाच वर्षांत निवडीने लिटरमागे किती मिळालं असतं ते समोर येतं. सल्लागार कदाचित मार्ग्रेबचं १९७८ चं सूत्र आणेल. एक मालमत्ता देऊन दुसरी घेण्याच्या हक्काची किंमत काढायला ते उत्तम आहे. पण ते भाव हळूहळू, अखंड हलतात असं मानतं, आणि आपले भाव एका आदेशाने उडी मारतात. जुलै २०२३ मध्ये एफसीआयचा, म्हणजे अन्न महामंडळाचा, तांदूळ डिस्टिलऱ्यांना देणं थांबलं. ७ डिसेंबर २०२३ ला उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी आली, आठवड्याभरात ती १७ लाख टन साखरेच्या मर्यादेपर्यंत सैल झाली. जानेवारी २०२४ मध्ये मळीच्या निर्यातीवर ५० टक्के शुल्क बसलं. अशा वेळी भाव किती हलला हा प्रश्नच राहत नाही, माल मिळतो की नाही हा असतो. निवड सगळ्यात जास्त कमावून देते ती याच दिवसांत, आणि सूत्राला नेमके हेच दिवस दिसत नाहीत. म्हणून सूत्रापेक्षा पाच-सहा खऱ्या वर्षांचा तक्ता मला जास्त विश्वासाचा वाटतो.

सीएंशी बोलताना एक विचारून घ्या. मक्याचे भाव अस्थिर आहेत म्हणून त्यांनी व्याजदर वाढवून लावलाय का? तसं केलं असेल तर ते काढायला सांगा. जिथे निवड करता येते तिथे चढउतार हाच कमाईचा स्रोत असतो. भाव कायम स्थिर राहिले असते तर हा प्रकल्पच करू नये.

आता तिसरी गोष्ट. यंत्राला येतं म्हणून तुम्हाला करता येईलच असं नाही. तेल कंपन्यांना इथेनॉल देताना बोली कच्च्या मालानुसार लागते: सी-हेवीचं इतकं, मक्याचं इतकं. दरही मालानुसार वेगळे. पुरवठा वर्ष १ नोव्हेंबरला सुरू होतं, म्हणजे बोली त्याच्या आधी. तेव्हा खरिपाचा मका जेमतेम बाजारात यायला लागलेला असतो, आणि जूनमध्ये त्याचा भाव काय असेल हे कोणालाच माहीत नसतं. कबूल केलेला माल दिला नाही तर दंड आहे. त्यामुळे निवड खऱ्या अर्थाने वर्षातून एकदाच, आणि अर्धवट माहितीवर करावी लागते. मधल्या काळात मात्रा बदलून मिळते कधीकधी, पण त्यावर हिशेब उभा करू नये.

भावाचा काहीच अंदाज नसताना बोली लावली आणि ती काहीही झालं तरी पाळली, तर निवडीचा फायदा लिटरमागे ५० पैसे होतो. म्हणजे सीएंनी काढला तेवढाच! सगळं कळून निवडता आलं तर सव्वादोन रुपये. तुम्ही दोन्हींच्या मध्ये आहात. अगदी मध्यावर धरलं तर वर्षाचा एकूण फायदा २ कोटी ७७ लाख, आजच्या किमतीत साडेपंधरा कोटींच्या थोडं वर, आणि १८ कोटी व बदलाचा खर्च वजा जाता उणे ३.८ कोटी. माझा प्रामाणिक अंदाज इथे आहे. सीएंच्या उणे ७.३ पेक्षा बराच बरा, पण अजून शून्याच्या खाली.

ही दरी दोन बाजूंनी कमी करता येते. सगळी क्षमता बोलीत बांधू नका. १५० दिवसांपैकी ९०-१०० दिवसांचंच वचन द्या, बाकीच्या दिवसांत नंतरच्या फेरीतली मागणी निघाली तर जो माल परवडेल तो चालवा. वचन जेवढं कमी, निवड तेवढी खरी. दुसरं म्हणजे, मार्च २०२५ मध्ये केंद्राने सहकारी साखर कारखान्यांसाठी नेमकी याच बदलाची व्याज सवलत योजना काढली: वर्षाला ६ टक्के किंवा बँकेच्या व्याजाच्या निम्मं, जे कमी असेल ते, ५ वर्षांसाठी, त्यात एक वर्ष हप्ता नाही. खर्चाच्या ८० टक्के, म्हणजे १४.४ कोटी कर्ज १० टक्क्यांनी घेतलंत तर आजच्या किमतीत याचे साधारण १.९ कोटी होतात. दरी निम्मी झाली. आज अर्ज घेतात का ते बँकेतून पक्कं करा.

आता कोटेशनकडे वळू, कारण मला १८ कोटींचीच काळजी जास्त वाटते. एका कारखान्यात मी बदलानंतर पाच महिन्यांनी गेलो होतो. मळीवर ६० केएलपीडी देणारी डिस्टिलरी मक्यावर ३८ च्या वर जात नव्हती. सगळे एन्झाइमला दोष देत होते. मी फर्मेंटरच्या नोंदवह्या घेऊन बसलो. मळीची बॅच ३० तासांत उतरत होती, अल्कोहोल १० टक्के. मक्याची बॅच ६० तास घेत होती, अल्कोहोल साडेबारा टक्के. टाकीत अल्कोहोल जास्त, पण टाकी दुप्पट वेळ अडकलेली. साडेबाराला ६० ने भागा, दहाला ३० ने भागा, आणि दोन्हींची तुलना करा: बासष्ट टक्के. ६० चे बासष्ट टक्के म्हणजे ३७-३८. एन्झाइमचा काही संबंध नव्हता. जादा फर्मेंटर कोटेशनमध्ये धरलेच नव्हते, आणि ते पुढे वेगळे घ्यावे लागले. तुमच्या कोटेशनमध्ये मक्यावरची क्षमता स्वतंत्र लिहिलेली आहे का, आणि ती कोणत्या फर्मेंटेशन तासांवर काढली आहे, हे लेखी मागा. ती ३८ असेल तर वरच्या मक्याच्या सगळ्या फायद्यांना बासष्ट टक्के करा आणि पुन्हा बघा.

तिथेच दुसरी अडचण होती. चोथा आणि पाणी वेगळं करणारा डिकँटर लहान होता, त्यामुळे चोथ्याचे बारीक कण पातळ स्लॉपबरोबर, म्हणजे त्या पाण्याबरोबर, इव्हॅपोरेटरमध्ये जात. आठवड्याभरात नळ्या आतून लिंपल्या जात आणि वाफेचा खर्च चढत जाई. हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही: डिकँटरमधून बाहेर पडणारं पातळ स्लॉप काचेच्या उंच नळीत तासभर ठेवा. तळाला जाड थर बसला तर डिकँटर कमी पडतोय. बॉयलरचंही विचारा. अल्कोहोल काढल्यावर उरलेला मळीचा घट्ट केलेला स्पेंटवॉश तुमच्या इन्सिनरेशन बॉयलरमध्ये जळतो आणि वाफ देतो. मक्याचं सिरप जाळायचं नसतं, ते डीडीजीएसमध्ये मिसळून विकायचं असतं. म्हणजे मक्याच्या दिवसांत वाफेसाठी बगॅस किंवा दुसरं इंधन लागणार, आणि ते पावसाळ्यात कोरडं साठवलेलं असायला हवं. मी धरलेल्या १४ रुपयांत बगॅस घरचं आहे. विकत घ्यावं लागलं तर आकडा चढेल.

काही जण ड्रायर पुढे ढकलून पैसे वाचवायला सुचवतात: ओला चोथा जवळच्या दूधवाल्यांना विका म्हणून. ६० केएलपीडीला रोज शंभर टनांच्या आसपास ओला चोथा निघतो. जनावराला दिवसाला पाच-सहा किलो धरलं तर रोज सतरा ते वीस हजार जनावरं लागतील, आणि उन्हाळ्यात माल दोन-तीन दिवसांत आंबतो. मोठा दूधपट्टा शेजारी असल्याशिवाय हे करू नका. आणि मक्याची ओल १४ टक्क्यांच्या वर घेऊ नका. बुरशीचं अफ्लाटॉक्सिन इथेनॉलमध्ये जात नाही, सगळं चोथ्यात उरतं आणि जवळपास तिप्पट दाट होतं. मग डीडीजीएसची गाडी परत येते आणि लिटरमागचे १२ रुपये जातात. मक्याचा हातात उरणारा पैसा ९ आहे, हे विसरू नका.

संचालक मंडळापुढे जाण्याआधी मी तुमच्या जागी असतो तर तीन कागद मागितले असते. पुरवठादाराकडून मक्यावरच्या क्षमतेची लेखी हमी, फर्मेंटरच्या संख्येसह. खरेदी विभागाकडून पाच वर्षांचा महिनावार तक्ता, वर सांगितलेल्या दोन रकान्यांचा. आणि गेल्या तीन वर्षांत तुम्ही तेल कंपन्यांना किती कबूल केलं, प्रत्यक्षात किती दिलं आणि मधे किती मात्रा बदलून मिळाली याची नोंद. तिसऱ्या कागदावरून तुम्ही ५० पैशांच्या जवळ आहात की सव्वादोन रुपयांच्या, ते कळेल. तक्ता तयार झाला की इथे टाका, कारखान्याचं नाव काढून. मी आकडे बघून सांगतो.